दहा उमेदवार आणि तुझे ३.७

अरे,

फोटो मिळाला. कोड्याची शेवटची ओळ तुझ्या अंगठ्याखाली गेलीय, पण 'सर्वात चांगला' एवढं दिसतंय, म्हणून असं धरतो की दहा उमेदवार कुठल्याही क्रमाने येणार, मुलाखत झाली की तिथल्या तिथे हो किंवा नाही सांगायचं, नाही म्हटलेला परत येत नाही, आणि एक नंबरचाच मिळाला तर जिंकलो, दोन नंबरचा मिळाला तरी हरलो.

तू बाजूला खरडलंयस की ३७ टक्के म्हणजे ३.७, म्हणून पहिले चार सोडायचे. ते ३७ टक्के म्हणजे 1/e, ते उमेदवार खूप असतात तेव्हाचं. दहासाठी सरळ मोजून टाकायचं ना!

पद्धत तुला माहितीच आहे, पहिले काही जण नुसते बघायचे आणि मग त्या सगळ्यांपेक्षा सरस असा जो पहिला येईल त्याला घ्यायचं. आता समज चौथा आला आणि आतापर्यंतच्या चौघांत तोच भारी आहे. दहातला बेस्ट पहिल्या चारात असेल तर तो हाच, म्हणजे याला घेतलं तर चान्स ४० टक्के. याला सोडलं तर? धर की खरा बेस्ट सातवा आहे, याचा चान्स १/१०. पण तो तुझ्यापर्यंत कधी पोचेल, तर पहिल्या सहातला सगळ्यात भारी माणूस त्या सोडलेल्या चारातच असेल तेव्हा, नाहीतर तू पाचव्या-सहाव्यालाच घेऊन बसलेला असशील. म्हणजे ४/६. असं पाचव्यापासून दहाव्यापर्यंत सगळं मिळवलं की

४/१० × (१/४ + १/५ + १/६ + १/७ + १/८ + १/९)

हे ३९.८३ टक्के येतं. ४० पेक्षा जरासं कमी, म्हणून चौथ्याला घ्यायचं. तिसऱ्याला मात्र नाही, त्याचे ३० आणि पुढे जाण्याचे ३९.८७.

म्हणजे उत्तर तीन, तुझं चार चुकलं, पण फरक फक्त ०.०४ चा, त्यामुळे फार मनाला लावून घेऊ नकोस.

एक मात्र बघ, ३० टक्के वेळा खरा बेस्ट पहिल्या तिघांतच निघून जातो आणि मग त्याच्या वरचा कोणी येतच नाही, दहावा जो असेल तो गळ्यात पडतो. मी एकदा खऱ्या भरतीत हा नियम लावला होता, शेवटचा आला तो अगदीच यथातथा, आणि आधीचे दोघं छान चालले असते पण ते हातचे गेलेले. चूक गणिताची नव्हती, मला दोन नंबरचाही चालणार होता आणि हा नियम त्याला शून्य मार्क देतो.

तर अंगठा बाजूला घेऊन परत फोटो काढ. तिथे 'पहिल्या दोघांपैकी कोणीही' असलं काही असेल तर वरचं सगळं पुन्हा मोजावं लागेल.