संकलक तुला फोन करणार नाही

प्रिय,

तुझ्या ब्रँड गाईडची अडतीस पानं वाचली. रंग सुरेख आहेत, मांडणी नेटकी आहे. पण व्हिडिओंच्या आठ स्क्रिप्ट एका पाकिटात आणि हे गाईड दुसऱ्या पाकिटात, असं वाटलं. जणू दोघांची ओळखच नाही. ‘नक्की काय राहिलं तेच कळत नाही’ असं लिहिलं आहेस, म्हणून सविस्तर लिहिते.

आवाजाचं पान उघड. ‘मैत्रीपूर्ण, विश्वासार्ह, आधुनिक.’ हे तीन शब्द साबणालाही चालतील आणि विमा कंपनीलाही. तुझ्या स्क्रिप्ट पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या आहेत. निवेदक हे पान रेकॉर्डिंगच्या पाच मिनिटं आधी उघडेल आणि ‘विश्वासार्ह’ वाचून गंभीर, भारदस्त आवाज लावेल. तेव्हा तू तिथे नसशील, आणि तो तुला फोन करणार नाही.

आठही स्क्रिप्ट छापून घे आणि प्रेक्षकाशी थेट बोलणारं प्रत्येक वाक्य अधोरेखित कर. मी चाळलं तेव्हा पहिल्या पाचांत ‘तुम्ही’ होतं, सहावीत अचानक ‘आपण’ आलं आणि आठवीत ‘ग्राहकांनी’. आधी हे मिटव, मगच गाईड लिही. सहावीत वाक्य आहे, ‘कृपया फिल्टर त्वरित बदलावा.’ शेजारी लिही, ‘फिल्टर बदला. पाच मिनिटांचं काम आहे.’ डावीकडे नको असलेलं, उजवीकडे हवं असलेलं, आणि खाली एक ओळ कारणाची: सूचना देताना आपण आज्ञार्थी ‘तुम्ही’ वापरतो, ‘कृपया’ आणि ‘-वा’ टाळतो. अशा सहा-सात जोड्या झाल्या की ते तीन शब्द खोडून टाक. पण जोड्या तुझ्याच स्क्रिप्टमधल्या हव्यात. मनाने रचलेली उदाहरणं नेमकी सोपी निघतात, अडचणीची जागा त्यांत येतच नाही.

रंगांचं तसंच. #F2A900 हा पिवळा तू मुख्य रंग म्हणून दिलास, ठीक. पण तिसऱ्या स्क्रिप्टमधला सुपर, म्हणजे दृश्यावरची अक्षरं, पांढऱ्या स्वयंपाकघराच्या दृश्यावर येतात. पांढऱ्यावर या पिवळ्याचा कॉन्ट्रास्ट जेमतेम २:१ भरतो. वाचायच्या मजकुराला निदान ४.५:१ लागतो. तोच पिवळा तुझ्या गडद निळ्यावर, #12263A वर, ७.५:१ च्या पुढे जातो. मग नियम असा लिही: ‘पिवळी अक्षरं फक्त निळ्या पट्टीवर, उजळ दृश्यावर निळी अक्षरं.’ नुसता कोड दिलास तर संकलक पांढऱ्यावर पिवळं लिहील. त्यात त्याची चूक काय?

फॉन्टबद्दल थोडंच. मुक्ता निवडलास, चांगलं केलंस. परवाना मुक्त आहे, फाइल पाकिटात टाकता येते. पण अक्षरांचं कुठलं वजन, म्हणजे जाडी, कशाला, हे स्क्रिप्टमधल्या खुणांच्याच नावाने लिही. स्क्रिप्टमध्ये ‘सुपर’ आणि गाईडमध्ये ‘दुय्यम शीर्षक’ असेल, तर दोन्ही एकच आहेत हे कुणाला कळणार? ओळींमधलं अंतर सढळ ठेव. वेलांटी आणि उकार एकमेकांना भिडले की जोडाक्षरं वाचवत नाहीत.

आता माझी फजिती. माझ्या पहिल्या मोठ्या कामात मी साठ पानांचं गाईड केलं होतं. लोगोभोवती किती जागा सोडायची याच्या आकृतीवर दोन दिवस घालवले. पारदर्शक पार्श्वभूमीची लोगो-फाइल मात्र पाकिटात टाकायलाच विसरले. संकलकाने कुठून तरी स्क्रीनशॉट घेतला, आणि शेवटच्या फ्रेममध्ये निळ्यावर पांढरा चौकोन झळकला. ती फिल्म तशीच गेली. मी कितीतरी दिवस त्याला दोष दिला: पान चौदावर सगळं लिहिलं होतं, त्याने वाचायला हवं होतं, एक फोन करायला काय जातं! खरं सांगू, आजही थोडं तसंच वाटतं. आकृती बरोबरच होती माझी. पण रात्री अकराला काम संपवायला बसलेला माणूस पान चौदा उघडत नाही, आणि फोनही करत नाही.

म्हणून लोगोचं पान एवढंच कर: शेवटच्या फ्रेमचं एक चित्र, लोगो जागेवर बसवलेला, भोवतीची मोकळी जागा लोगोमधल्या थेंबाच्या उंचीएवढी, आणि खाली फाइलचं नेमकं नाव. SVG आणि पारदर्शक PNG, दोन्ही फोल्डरमध्ये आहेत ना, हे स्वतः उघडून बघ. उभ्या व्हिडिओसाठी वेगळी फ्रेम दे. तिथे खालची पट्टी अ‍ॅपच्या बटणांखाली जाते.

अडतीसची बारा पानं होतील. वाईट वाटून घेऊ नकोस. ती बारा पानं, आठ स्क्रिप्ट आणि फोल्डर अशा कुणाला तरी दे, ज्याने हे काम पाहिलेलं नाही. तिसऱ्या स्क्रिप्टची एक फ्रेम बनवायला सांग आणि तू खोलीबाहेर जा. तो जिथे जिथे अडेल, ती पानं मला पाठव.

तुझी,
ताई