पैठणीचा फोटो चुणीपाशी झूम करा

प्रश्न: लातूरला राहतो. बहिणीच्या लग्नासाठी ऑनलाइन पैठणी बघतोय. फोटो खरे आहेत की कॉम्प्युटरवर बनवलेले, हे कसं ओळखायचं?

उत्तर: मॉडेलचा चेहरा, बोटं सोडा; ती आता बऱ्यापैकी ठीक येतात. पदर झूम करा, तोही जिथं चुण्या पडल्यात तिथं. संभाजीनगरात साड्यांच्या दुकानाचे फोटो मीच काढून अपलोड करतो, त्यामुळं नजर आधी तिथंच जाते.

खऱ्या कापडाला घडी पडली की नक्षी घडीत शिरते. बांगडी मोराची बांगडी चपटी दिसते, मोराची मान चुणीत जाते अन् शेपूट पलीकडून निघते. नक्षी वरून चिकटवली असेल तर मोर चुणीवरही अख्खाच्या अख्खा बसलेला असतो. फोटोच एआयनं बनवलेला असेल तर दुरून सगळं झकास, जवळून मात्र एका मोराला दोन शेपट्या आणि दुसऱ्याची मान वेलीत विरघळलेली.

मोर हुबेहूब सारखे दिसले म्हणून लगेच खोटं ठरवू नका. यंत्रमागावर नक्षी तशीच रिपीट होते. पण जरीची चमकसुद्धा प्रत्येक मोरावर नेमकी त्याच जागी असेल, तर तो तुकडा कॉपी-पेस्ट आहे. चमक उजेडावर ठरते, नक्षीवर नाही.

ओळखीच्या एका ताईंनी जांभळ्या पैठणीची लिस्टिंग मला पाठवली होती. साडीला खेटून घासलेली पितळी समई, आणि तिच्या बुडाशी जांभळ्या रंगाचा मागमूस नाही! समईत खिडकी डावीकडं चमकतेय आणि सावलीही डावीकडंच. स्टुडिओत दोन-दोन लाइट असतात, म्हणून नुसत्या सावलीवर मी निकाल देत नाही. पण शेजारचा रंग चकचकीत पितळेत उमटलाच पाहिजे. शिवाय टॅगवर सिल्क मार्कसारखं लेबल होतं, त्यावरची अक्षरं कुठल्याच लिपीतली नव्हती. फोटो कॉम्प्रेस झाला तर धागे अन् अक्षरं दोन्ही फुटतात. इथं धागा न् धागा स्पष्ट आणि अक्षरंच तेवढी वितळलेली. (अक्षरं नुसती उलटी दिसत असतील तर फोटो आडवा फ्लिप झालाय, एवढंच.)

हुबेहूब त्याच घड्यांची साडी पाच फोटोंत पाच रंगांची दिसली तर रंग एडिटमध्ये बदललेत. हे बरेच दुकानदार करतात, माल खोटा असतोच असं नाही, पण हातात येणारी छटा वेगळी निघू शकते.

शंका आली की दुकानदाराकडं व्हिडिओ मागा: कागदावर तुमचं नाव लिहून तो पदरावर ठेवायचा, मग पदर उलटा करून दाखवायचा. हातमागाच्या पैठणीत पदराची नक्षी मागूनही जवळजवळ तशीच दिसते; यंत्रमागाच्या साडीला मागं मोकळे किंवा कापलेले धागे असतात. फोटो शंभर टक्के खरा असला तरी ही तपासणी सोडू नका, कारण यंत्रमागाच्या साडीचा खरा फोटो लावून तिला हातमागाची म्हणणारेही आहेतच.