बत्तीस गुणांचा सुळका

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा दोनदा वाचला. ज्या शाळेत उत्तीर्णांची टक्केवारी वाढेल तिला जास्त अनुदान, ही त्यातली मुख्य सूचना. आजवर या टक्केवारीवरून शाळेची अवस्था बऱ्यापैकी कळत आली, हे तू आकडेवारीनिशी दाखवलं आहेस आणि ते मला मान्य आहे. पण तो सगळा काळ त्या टक्केवारीवर कुणाचे पैसे अवलंबून नसतानाचा आहे. पैसे तिला जोडले की पूर्वीचा अनुभव पुढे लागू पडेलच असं नाही. नोकरीच्या सुरुवातीला मीही अशीच एक सूचना लिहिली होती, आणि ती मंजूर झाली हे माझं दुर्दैव. असो.

इंग्लंडमधलं एक उदाहरण सांगतो, कारण त्यात ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. तिथे २०१२ पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची एक वाचनचाचणी घेतात. मुलाला चाळीस शब्द मोठ्याने वाचायचे असतात. त्यातले वीस खरे आणि वीस बनावट, म्हणजे कुठल्याच अर्थाचे नसलेले. बनावट शब्दांशेजारी एखाद्या काल्पनिक प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे मुलाला कळतं की हा शब्द ओळखीचा नसणार. शब्द पाठ असल्याने वाचला की अक्षरांचे आवाज जुळवून वाचला, हे त्यावरून समजतं. चाचणी छान बेतलेली आहे. ती घेते मात्र मुलाचीच शिक्षिका, एकेका मुलाला समोर बसवून, आणि उच्चार बरोबर की चूक हेही तीच ठरवते.

पहिली दोन वर्षं अपेक्षित पातळी ३२ गुणांची आहे हे शाळांना आधीच ठाऊक होतं. निकालानंतर प्रत्येक गुणावर किती मुलं आली याचा आलेख काढला, तर तो चढत चढत ३१ पर्यंत येऊन अचानक खाली बसलेला आणि ३२ वर सुळक्यासारखा उभा राहिलेला दिसला. खऱ्या मुलांच्या वाचनक्षमतेत ३१ आणि ३२ यांच्यामध्ये अशी दरी असूच शकत नाही. एवढ्या शिक्षिका खोटारड्या होत्या असं मला मुळीच म्हणायचं नाही. एखादं मूल अडखळत काहीतरी बोलतं, उच्चार अर्धा बरोबर असतो, आणि एकतीस गुण आधीच झालेले असतात. अशा वेळी कान जरा उदार होतो. तुझा-माझाही झाला असता.

२०१४ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने एकच बदल केला. अपेक्षित पातळी किती, हे चाचण्या संपेपर्यंत जाहीर केलं नाही. चाचणी तीच, शिक्षिका त्याच, पण सुळका खूपच बोथट झाला. आता गंमत बघ. अपेक्षित पातळी गाठणाऱ्या मुलांचं प्रमाण २०१२ मध्ये ५८ टक्के होतं, २०१३ मध्ये ६९ आणि २०१४ मध्ये ७४. म्हणजे सुळका ओसरला तरी आकडा वाढतच राहिला. याचा अर्थ सगळी वाढ फुगवलेली नव्हती, शाळांमध्ये खरंच काहीतरी जास्त शिकवलं जात होतं. पण ते वाचन होतं की बनावट शब्द वाचण्याचा सराव, हे ही चाचणी स्वतः सांगू शकत नाही. त्यासाठी दुसरी, कुणाच्या बक्षिसाशी न जोडलेली परीक्षा लागते.

तुझ्या मसुद्यात धोका नेमका कुठे आहे ते एका हिशेबाने दाखवतो. वर्गात तीस मुलं, त्यातली अठरा उत्तीर्ण, म्हणजे ६० टक्के. नापासांपैकी तिघांना ३१ गुण आहेत आणि तिघांना ३०. या सहा जणांना ३२ पर्यंत आणायला एकूण नऊ गुण लागतात. टक्केवारी ६० वरून ८० वर जाते आणि वर्गाची सरासरी वाढते ०.३ गुणाने. दहा गुणांवर अडकलेल्या मुलावर शिक्षिकेने वर्षभर घाम गाळून त्याला पंचवीसपर्यंत आणलं, तर टक्केवारी जागची हलत नाही. हुशार मुलावर घेतलेल्या मेहनतीचंही तेच. अनुदान टक्केवारीवर ठेवलंस, तर काठावरच्या सहा जणांचं काय करायचं ते मुख्याध्यापकांना सांगावं लागणार नाही. आणि यात लबाडी करण्याचीही गरज नाही, नुसता वेळ एकीकडून दुसरीकडे वळवला की झालं.

हे फक्त शाळांचं दुखणं आहे असं समजू नकोस. या नियमाला ज्यांचं नाव चिकटलं ते चार्ल्स गुडहार्ट बँक ऑफ इंग्लंडमध्ये पैशाच्या पुरवठ्याचा अभ्यास करत होते, आणि त्यांनी तो १९७५ मध्ये मांडला तो चलनधोरणाबद्दल. आकड्यांमध्ये दिसणाऱ्या एखाद्या नियमिततेवर नियंत्रणासाठी भार टाकला की ती ढासळू लागते, असा त्याचा आशय. ब्रिटनमध्ये त्याची प्रचीती लवकरच आली.

तिथे डिसेंबर १९७३ पासून बँकांच्या व्याज देणाऱ्या ठेवी किती वेगाने वाढाव्यात यावर मर्यादा घातली होती. ती ओलांडली तर बँकेला काही रक्कम मध्यवर्ती बँकेकडे बिनव्याजी ठेवावी लागे. कंबर आवळणाऱ्या वस्त्रावरून या योजनेला ‘कॉर्सेट’ म्हणत. बँकांनी मग काय केलं? कंपनीला कर्ज देण्याऐवजी तिची हुंडी सकारली, म्हणजे तिच्यावर आपली हमी दिली. कंपनीने ती हुंडी ज्याच्याकडे पैसे होते त्यालाच विकली. कंपनीला पैसे मिळाले, पैसेवाल्याच्या हाती जवळजवळ ठेवीइतकाच सुरक्षित कागद आला, बँकेला शुल्क मिळालं. पण बँकेच्या ताळेबंदात ना कर्ज दिसलं ना ठेव. लोकांच्या हातातली रोकड आणि बँकांतल्या पौंडातल्या ठेवी यांची बेरीज म्हणजे ‘स्टर्लिंग एम-३’, सरकार याच आकड्यावर नजर ठेवून होतं, आणि तो आटोक्यात दिसत राहिला.

जून १९८० मध्ये कॉर्सेट काढला. लपलेलं सगळं ताळेबंदात परतलं आणि एकट्या जुलैत हा आकडा सुमारे ५ टक्क्यांनी उसळला. त्याच वर्षी मार्चमध्ये सरकारने त्याच्या वाढीचं लक्ष्य वर्षाला ७ ते ११ टक्के असं जाहीर केलं होतं! ते सपशेल हुकलं. त्यावरून महागाई भडकेल असा अंदाज बांधावा, तर १९८० मध्ये २० टक्क्यांच्या वर गेलेली महागाई १९८३ मध्ये ५ टक्क्यांच्या आत आली. आकडा एकीकडे आणि ज्यासाठी तो मोजायचा ती गोष्ट दुसरीकडे. यात सगळा दोष हुंड्यांचा नव्हता. परकीय चलनावरचे निर्बंध आदल्या वर्षी उठले होते, आणि बँका घरकर्जाच्या बाजारातही शिरत होत्या. पण ठेवींचा आकडा म्हणजे अर्थव्यवस्थेतला पैसा, हे समीकरण तोवर विस्कटलं होतं.

शाळेत काठावरचं मूल आणि बँकेत सकारलेली हुंडी. आकडा हलवण्याची सगळ्यात स्वस्त वाट दोन्हीकडे सापडली, कारण ती शोधणं फायद्याचं ठरलं होतं. म्हणून तुझ्या मसुद्यातल्या प्रत्येक आकड्यापुढे समासात लिही: हा हलवायची सर्वांत स्वस्त रीत कोणती? उत्तर सुचलं नाही तर एखाद्या अनुभवी मुख्याध्यापकांना विचार, ते चहा येईपर्यंत तीन सांगतील.

टक्केवारीऐवजी सरासरी घेतलीस तर काठाचा प्रश्न बराच सुटेल, पण मग दुबळ्या मुलांना परीक्षेच्या दिवशी घरी बसवण्याचा मोह तयार होईल. त्यामुळे हजेरीचा आकडा सोबत मागावा लागेल. आणि काही शाळांत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांची वेगळी चाचणी घे. तिचा निकाल कुठल्याही शाळेच्या नावावर लावू नकोस. दोन्हींतलं अंतर वर्षागणिक वाढताना दिसलं, तर समज की अनुदानाचा आकडा फुगतो आहे.

पुढचा मसुदा पाठवशील तेव्हा मागच्या तीन वर्षांचे गुणही पाठव. टक्केवारी नको, प्रत्येक गुणावर किती मुलं ते हवं. पात्रतेच्या गुणाशेजारी आधीच सुळका असेल, तर आपल्याला वेगळ्याच गोष्टीवर बोलावं लागेल.

तुझा,
जुना सहकारी