बोटीच्या इंजिनाच्या चकाकत्या पाटीवरचा नंबर फोटोतून कसा वाचायचा?

प्रश्न: हर्णैला बोटीच्या इंजिनाच्या पाटीचा फोटो काढला, पण चमक येते. सिरीयल नंबरात 8 आहे की B ते कळत नाही. पार्ट मागवायचाय, काय करू?

उत्तर: फ्लॅश बंद करा आणि फोटो पुन्हा काढा. आधी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पाटीवरचं मीठ पुसा. पॉलिश पेपर लावू नका, उथळ ठसे घासून जातात. मग मोबाईल समोर धरून दुसऱ्याला टॉर्च पाटीच्या कडेला, जवळजवळ आडवी धरायला सांगा. सिरीयल नंबर बहुधा पंचाने ठोकलेला असतो. आडव्या उजेडात त्याच्या खाचेत सावली पडते, सपाट पत्रा मात्र चमकत नाही. दुसरा फोटो टॉर्च विरुद्ध बाजूला नेऊन काढा. चमक सरकते आणि पहिल्यात झाकलेलं अक्षर यात दिसतं.

आता 8 की B. डावी कड बघा: B ची सरळ उभी असते, 8 ची मधे आत वळते. त्याच पाटीवर ठोकलेला दुसरा 8 असेल तर शेजारी ठेवून ताडा. पाटीवर छापलेल्या, समजा 1800 अशा आकड्यातला 8 इथे चालत नाही, तो टाइप वेगळा.

तरी शंका राहिली तर त्या अक्षराच्या जागी, समजा 47?0316 असं, प्रश्नचिन्ह ठेवूनच नंबर लिहा आणि दुकानदाराला दोन्ही फोटो पाठवा. अंदाजाने भरलेलं अक्षर पुढे कुणी तपासत नाही. बऱ्याच इंजिनांवर हाच नंबर ब्लॉकवरही ठोकलेला असतो. ग्रीस पुसून बघा. मॉडेल नंबर लिहिताना त्यातली आडवी रेघ आणि शेवटचं अक्षर मात्र गाळू नका, पार्ट त्यावरूनच बदलतो.