स्टुडंट पोर्टल लॉक झालंय, आयटी ऑफिसला मेल कसा लिहू?

प्रश्न: पासवर्ड चुकत गेला आणि कॉलेजच्या स्टुडंट पोर्टलवरचं माझं अकाउंट लॉक झालं. अनलॉक करून द्या म्हणून आयटी ऑफिसला ईमेल करायचा आहे. त्यात नक्की काय लिहू? फॉर्म भरायची शेवटची तारीख परवा आहे.

उत्तर:

सगळ्यात आधी पासवर्ड टाकून बघणं बंद करा. अकाउंट लॉक असताना बरोबर पासवर्ड टाकला तरी आत जाता येत नाही. मग वाटतं हाही चुकला, आणि माणूस जुने-नवे सगळे पासवर्ड आळीपाळीने टाकत बसतो. काही सिस्टिममध्ये अशा प्रत्येक प्रयत्नागणिक लॉकची वेळ वाढत जाते.

मी कॉलेजच्या आयटी विभागातच काम करतो, असले मेल माझ्याकडेच येतात. लॉक बहुतेक ठिकाणी तात्पुरतं असतं. किती चुकांनंतर लॉक करायचं आणि किती मिनिटांनी आपोआप उघडायचं, हे आम्ही आधीच ठरवून ठेवलेलं असतं. अर्धा-पाऊण तास थांबून, पासवर्डची खात्री असेल तर सावकाश एकदाच टाकून बघा. उघडलं तर मेलची गरजच नाही. पण विंडोजच्या सर्व्हरवर ही मुदत शून्य ठेवली असेल, तर त्याचा अर्थ 'लगेच उघडा' असा नसून 'अ‍ॅडमिनने उघडेपर्यंत बंद' असा होतो. तिथे दिवसभर थांबूनही काही होणार नाही.

आता मेल. तो वाचणाऱ्याला दोन गोष्टी ठरवायच्या असतात. एक, हा मेल खरंच त्या विद्यार्थ्याचाच आहे का. दोन, नुसतं अनलॉक करायचं की पासवर्डही बदलून द्यायचा. अनलॉक केल्याने पासवर्ड बदलत नाही, जुनाच चालू राहतो. तुम्हाला तो आठवतच नसेल आणि तुम्ही फक्त 'अनलॉक करा' लिहिलंत, तर आम्ही अनलॉक करू आणि पाच मिनिटांत तुम्ही पुन्हा लॉक व्हाल. म्हणून पासवर्ड आठवतो की नाही, हे एका वाक्यात स्पष्ट लिहा. आलेल्या बहुतेक मेलमध्ये नेमकं हेच नसतं.

मी लिहिला असता तर असा लिहिला असता:

> विषय: स्टुडंट पोर्टल अकाउंट लॉक, अनलॉक करण्याची विनंती (नोंदणी क्र. ______)
>
> माननीय महोदय/महोदया,
>
> मी ______, ______ अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकतो/शिकते. माझा नोंदणी क्रमांक ______ आणि पोर्टलचे युजरनेम ______ आहे.
>
> आज सकाळी ९.२० च्या सुमारास चुकीचा पासवर्ड अनेकदा टाकल्यामुळे माझे अकाउंट लॉक झाले. हे प्रयत्न मी स्वतःच माझ्या लॅपटॉपवरून केले होते. त्यानंतर तासभर थांबून १०.३० ला एकदा प्रयत्न केला, तरी तोच संदेश आला. स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.
>
> मला सध्याचा पासवर्ड आठवत नाही. 'पासवर्ड विसरलात?' या लिंकवरून येणारा ओटीपी माझ्या जुन्या मोबाइल नंबरवर जातो, तो नंबर आता बंद आहे. त्यामुळे अकाउंट अनलॉक करून पासवर्डही रीसेट करून द्यावा, ही विनंती. ओळख पटवण्यासाठी ओळखपत्र घेऊन प्रत्यक्ष येण्याची माझी तयारी आहे.
>
> फॉर्म भरण्याची शेवटची तारीख ______ आहे.
>
> आपला/आपली,
> (पूर्ण नाव, सध्याचा मोबाइल नंबर)

तुमचा ओटीपी व्यवस्थित येत असेल तर ते वाक्य काढून टाका. मात्र लिंकवरून पासवर्ड बदलला म्हणजे लॉकही निघालं, असं प्रत्येक पोर्टलवर होत नाही. बदलूनही आत जाता येत नसेल तर 'आज इतक्या वाजता पासवर्ड बदलला, तरी लॉक आहे' असं लिहा.

'हे प्रयत्न मी स्वतःच केले' हे वाक्य बिनकामाचं वाटेल, पण आमच्यासाठी ते फार मोलाचं आहे. तुम्ही काहीच केलं नसताना अकाउंट लॉक झालं असेल, तर दुसरं कोणी पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करतंय अशी शंका येते आणि आम्ही वेगळी तपासणी करतो. वेळही त्यासाठीच हवी. विंडोजच्या सर्व्हरवर प्रत्येक लॉकची नोंद 4740 या क्रमांकाने पडते. मिनिट माहीत असेल तर ती चटकन सापडते.

संदेशाचे शब्द आहेत तसेच पाठवा, स्वतःच्या भाषेत सांगू नका. `AADSTS50053` असा कोड दिसत असेल तर तोही मेलमध्ये टाइप करा. तो मायक्रोसॉफ्टच्या लॉगिनचा आहे, म्हणजे कुठे बघायचं ते आम्हाला कळतं. 'अकाउंट डिसेबल्ड' असं काही लिहिलेलं असेल तर ते लॉक नव्हेच. फी किंवा प्रवेशाचं काही अडलं असण्याची शक्यता असते, आणि ते सोडवणं आयटीच्या हातात नसतं.

मेल कॉलेजने दिलेल्या पत्त्यावरून पाठवा. पोर्टल आणि मेलचा पासवर्ड एकच असेल तर तोही बंद असणार. अशा वेळी प्रवेश घेताना नोंदवलेल्या पत्त्यावरून पाठवा. मित्राच्या मेलवरून आलेल्या विनंतीवर आम्ही पासवर्ड बदलून देत नाही, आणि देऊही नये. मेलमध्ये पासवर्ड, 'बहुतेक हा असावा' असा अंदाज किंवा ओटीपी कधीही लिहू नका. खरं आयटी ऑफिस ते मागत नाही.

आता एक प्रकार, जो वारंवार घडतो. एका विद्यार्थिनीचं अकाउंट उघडून नवा पासवर्ड दिला. ती लॅपटॉपवर आत गेली, आणि थोड्याच वेळात पुन्हा लॉक. तिने काहीच चुकीचं टाइप केलं नव्हतं. 4740 ची नोंद उघडली, तर चुकीचा पासवर्ड कुठून आला त्या जागी वाय-फायच्या सर्व्हरचं नाव होतं. तिच्या दप्तरातला फोन कॉलेजच्या वाय-फायला जोडायला बघत होता आणि दर वेळी साठवलेला जुना पासवर्ड पाठवत होता. फोनमध्ये ते नेटवर्क 'फरगेट' केलं, पुन्हा अनलॉक केलं, मग त्रास थांबला. तुमच्याकडेही पोर्टल आणि वाय-फायला एकच पासवर्ड असेल तर उत्तर यायच्या आधीच फोन, टॅब आणि ब्राउझरमधला साठवलेला पासवर्ड पुसून टाका. एकदा उघडलेलं अकाउंट परत लॉक झालं असेल तर मेलमध्ये तसं ठळक लिहा, म्हणजे नुसतं बटण दाबून कोणी मोकळं होणार नाही.

एकच मेल पाठवा. उत्तर आलं नाही तर त्याच मेलला रिप्लाय करून आठवण द्या. नवे मेल पाठवले की नव्या तक्रारी तयार होतात, आणि एकाने रीसेट केलेला पासवर्ड दुसरा पुन्हा बदलतो. तारीख परवाची आहे, तेव्हा उद्या दुपारपर्यंत वाट बघा आणि मग ओळखपत्र घेऊन थेट ऑफिसात जा. नोंदवलेला मोबाइल नंबर बदलायचा असेल तर तसंही समोर जावंच लागेल. फॉर्मची तारीख वाढवणं आमच्या अखत्यारीत नसतं. त्यासाठी आयटीला पाठवलेला मेल, वेळेसकट, आजच फॉर्म घेणाऱ्या विभागाला फॉरवर्ड करून ठेवा.