रोबोटचं ई-स्टॉप आणि स्पीड लिमिट

प्रश्न: वर्कशॉपमधे माल नेणारा छोटा रोबोट बनवलाय, आजूबाजूला माणसं असतात. ई-स्टॉपचं, म्हणजे इमर्जन्सीत थांबवायचं, बटण आर्डुइनोच्या पिनला जोडलं तर चालेल का, आणि स्पीड किती ठेवू?

उत्तर: नाही चालणार, कारण प्रोग्रॅम हँग झाला की बटण दाबून काहीच होणार नाही. लाल मशरूम बटणाचा एनसी कॉन्टॅक्ट, म्हणजे एरवी जोडलेला आणि दाबल्यावर तुटणारा, मोटर सप्लायच्या कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोठ्या रिलेच्या, कॉइलला सिरीजमधे टाका, म्हणजे बटण दाबलं किंवा ती वायर तुटली तरी मोटरची पॉवर जाते, कंट्रोलरला फक्त कळवायचं. कॉन्टॅक्टर कधीकधी चिकटून बसतो म्हणून दोन सिरीजमधे लावा. आणि बटण परत वर ओढल्यावर गाडी आपोआप सुटता कामा नये, वेगळं रीसेट बटण हवंच. पॉवर गेली की गाडी घरंगळते, त्यामुळे पॉवर गेल्यावर आपोआप लागणारा स्प्रिंग ब्रेक घ्या.

स्पीड थांबायच्या अंतरावरून ठरवा. समजा सेन्सरपासून ब्रेक लागेपर्यंत ०.३ सेकंद जातात आणि ब्रेकिंग १ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, तर सेकंदाला १ मीटर स्पीडला ८० सेंमी लागतात पण सेकंदाला ०.३ मीटर स्पीडला जेमतेम १४ सेंमी. हे पूर्ण लोड टाकून, जमिनीवर खडूची रेघ मारून स्वतः मोजाच, रिकाम्या गाडीचा आकडा फसवतो.