लेकराचा घसा सारखा धरतो? आधी वही ठेवा

ताई, चौथीतल्या पोराचे टॉन्सिल काढायचे का, हे आज ठरवू नका. आधी एक वही ठेवा. प्रत्येक वेळी तारीख, थर्मामीटरवरचा ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके होते का आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध लिहा. नुसता सर्दी-खोकल्याचा खवखवता घसा त्यात मोजू नका.

कान-नाक-घसा डॉक्टर आकडा विचारतात: वर्षात 7 वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी 5, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी 3. समजा तुमच्या वहीत यंदा 4 निघाले, तर बहुतेक ‘थांबून पाहू’ म्हणतील, कारण वय वाढतं तसा हा त्रास पुष्कळदा आपोआप कमी होतो. झोपेत घोरताना श्वास अडकत असेल तर मात्र आकड्याची वाट पाहू नका.

घरी खरं काम पाण्याचं. गिळताना दुखतं म्हणून पोरगं पाणी टाळतं, आणि आपल्याकडच्या उन्हात ते लवकर सुकतं. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट द्या: पाणी, पेज, पातळ वरण. थंड ताकही चालतं, सासूबाई काहीही म्हणोत! वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल अर्धा तास आधी दिलं की गिळणं सोपं जातं. अ‍ॅस्पिरिन नको.

नेहमीच्या चुका दोनच:
- ताप उतरला की अँटिबायोटिक बंद करणं.
- मागची उरलेली बाटली पुन्हा पाजणं.

लाळ गळते, तोंड उघडत नाही, श्वासाला त्रास होतो किंवा आठ-दहा तास लघवी नाही, तर रात्र असली तरी 108 लावा.